मैत्रिणीला ‘समजून घ्यावे’ कशाला?

दोन मैत्रिणी आहेत, कॉलेजपासूनच्या. एक पुण्यात राहते, दुसरी नाशिकला. शनिवारी पुण्याची नाशिकला जाणार होती. आता ते रद्द करावं लागतंय आणि तिनं फोनवर पुढचा निरोप टाइप केला आहे. अजून पाठवलेला नाही.

‘नमस्कार. येत्या शनिवारी तुझ्याकडे येण्याचे ठरले होते, परंतु आईची तब्येत ठीक नसल्यामुळे मला येणे शक्य होणार नाही. त्याबद्दल क्षमस्व. तुझी गैरसोय होत असल्यास माफ करावे. पुढील भेटीची तारीख लवकरच कळवते. कृपया समजून घ्यावे. धन्यवाद.’

या निरोपात चूक अशी काही नाही. शुद्धलेखन ठीक आहे, कारण दिलं आहे, माफीही मागितली आहे. हाच मजकूर एखाद्या संस्थेच्या कार्यवाहांना गेला असता तर कुणाला काही वाटलं नसतं. पण नाशिकची मैत्रीण तो वाचून आधी विचारेल, ‘हिला माझा राग आलाय का?’ आईच्या तब्येतीचा विचार तिच्या मनात त्यानंतर येईल. मराठी घरांत वाढलेल्या माणसाची ही प्रतिक्रिया अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे जवळच्या माणसांत बिनसलं की आधी भाषा बदलते. एरवी ‘जेवायला चल रे’ म्हणणारी आई रुसली की ‘पान वाढलंय’ एवढंच म्हणते. जुना मित्र दुखावला की ‘तुम्ही काय बाबा, मोठी माणसं’ असं म्हणून एका शब्दात दूर सरकतो. औपचारिकता हा आपल्याकडचा रुसण्याचा जुना मार्ग आहे. म्हणून जवळच्या माणसाला न रुसताही औपचारिक लिहिलं, तर त्याला त्यात रुसवा दिसतो.

असा निरोप सैल करायचा म्हटलं की लोक आधी जड शब्द शोधतात. ‘क्षमस्व’ काढतात, ‘धन्यवाद’च्या जागी ‘थँक्स’ घालतात आणि काम झालं असं समजतात. शब्द बदलायला हवेतच, पण मराठीत औपचारिकता शब्दांपेक्षा क्रियापदांच्या शेवटांत जास्त बसलेली असते. त्यामुळे तपासणी वाक्याच्या शेपटापासून सुरू करावी.

वरच्या निरोपातली क्रियापदं एकेक करून मोठ्यानं म्हणून पाहा: ‘ठरले होते’, ‘शक्य होणार नाही’, ‘माफ करावे’, ‘समजून घ्यावे’. यातलं ‘ठरले होते’ बोलताना कुणीच म्हणत नाही. आपण ‘ठरलं होतं’ म्हणतो. बोलण्यात अनुस्वार आणि लेखनात एकार, ही सवय शाळेनं लावलेली आहे आणि तिच्यामागे नियम आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखनविषयक नियमांनुसार एरवी ‘असे केले’ असं लिहायचं. पण त्याच नियमांत, पात्राच्या तोंडी बोलणं घातलं असेल तर ‘असं केलं’ लिहायला मुभा आहे. मैत्रिणीला पाठवायचा निरोप म्हणजे लिहून केलेलं बोलणंच आहे. तिथे लिहिणारी व्यक्तीच पात्र असते आणि तिच्या तोंडचं तसंच्या तसं लिहिण्यात नियमभंगही होत नाही. ‘येणे’चं ‘येणं’, ‘ठरले’चं ‘ठरलं’ एवढं एक टिंब बदललं तरी वाक्याचा आवाज बदलतो. पुढची पायरी म्हणजे ‘आहे’ मागच्या शब्दात मिसळू देणं. बोलताना ‘आलं आहे’चं ‘आलंय’ होतं, ‘करते आहे’चं ‘करतेय’, ‘जमत नाही आहे’चं ‘जमत नाहीये’. ही रूपं लिहिताना हात अडखळतो, कारण ती आपण छापलेली कमी पाहतो. पण मैत्रिणीच्या कानाला तीच ओळखीची असतात.

‘माफ करावे’ आणि ‘समजून घ्यावे’ यांचं प्रकरण याहून गंभीर आहे. हे विध्यर्थी क्रियापद आपल्याला कुठे भेटतं ते आठवा. ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘रांगेत उभे राहावे’, ‘अगत्य येण्याचे करावे’. पाट्यांवर आणि पत्रिकांवर ते शोभतं, कारण तिथे कुणी कुणाला उद्देशून बोलायचं नसतं. वाचणारा कुणीही असू शकतो, म्हणून वाक्यातून माणूसच काढून टाकलेला असतो. मैत्रिणीच्या निरोपात तेच क्रियापद आलं की तीही ‘कुणीही’ होते. आधीच्या वाक्यात ‘तुझ्याकडे’ आणि ‘तुझी’ आहे, तरी ‘करावे’ला येईपर्यंत ती ‘तू’ गायब झालेली असते. माझ्या मते निरोप तपासायची सर्वात भरवशाची खूण हीच आहे. ‘-आवे’ शोधा आणि प्रत्येकाच्या जागी ‘तू’ला चालणारं साधं क्रियापद ठेवा. ‘कळवावे’चं ‘सांग’, ‘यावे’चं ‘ये’. ते फार तुटक वाटलं तर पुढे एक ‘ना’ जोडा. ‘ये ना’ या दोन अक्षरी शब्दांत जी विनवणी आहे ती ‘कृपया यावे’मध्ये नाही.

सर्वनामाचं काय, असा प्रश्न इथे येतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांचा १९६०चा निबंध या विषयात अजून सांगितला जातो. युरोपीय भाषांमधली ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखी सर्वनामं दोन गोष्टी दाखवतात, एक अधिकार आणि दुसरी आपलेपणा, असं त्यांनी मांडलं. मराठी वाचकाला हे सहज पटतं. आपलं ‘तू’ देवाला चालतं, आईला चालतं, जिवलग मैत्रिणीला चालतं, आणि तेच ‘तू’ अनोळखी माणसाला वापरलं तर भांडण होतं. पण निरोप फार औपचारिक आहे का हे फक्त सर्वनाम पाहून कळत नाही. वरच्या निरोपात ‘तू’ आहेच. ती कुठेही ‘आपण’ म्हणालेली नाही. तरी निरोप परका वाटतो, कारण सर्वनाम घरचं आणि क्रियापद कचेरीतलं आहे.

क्रियापदांनंतर वाक्यांचे सांधे पाहायचे. ‘परंतु’, ‘नसल्यामुळे’, ‘होत असल्यास’ हे सांधे एका वाक्यात बरंच काही बांधण्यासाठी असतात. बोलताना आपण असं बांधत नाही. आपण एक गोष्ट सांगतो, थांबतो, मग दुसरी सांगतो, आणि कारण-परिणाम ऐकणाऱ्याला आपोआप कळतो. ‘आईची तब्येत ठीक नसल्यामुळे येणे शक्य होणार नाही’ याची बोलण्यात दोन वाक्यं होतात: ‘जमत नाहीये गं. आईला बरं नाहीये.’ अशी वाक्यं तोडताना ‘येण्याचे ठरले होते’मधलं ‘येण्याचे’सुद्धा मोकळं होतं. क्रियापदाचं नाम करायचं आणि मग त्या नामाला दुसरं क्रियापद जोडायचं, ही अर्जाची रीत आहे. ‘येणार होते’ म्हटलं की पुरतं.

मग येतात ते छोटे शब्द, ज्यांना स्वतःचा अर्थ थोडा आणि काम फार: गं, रे, ना, की, बघ, हं, बरं का, अगं, अरे. जास्त औपचारिक निरोपात यांतला एकही शब्द नसतो. हे शब्द माहिती देत नाहीत, पण बोलणारी समोर बघून बोलते आहे हे त्यांवरून कळतं. ‘सॉरी’ हा एक शब्द कुणालाही म्हणता येतो, पण ‘सॉरी गं’ फक्त एका माणसाला. मात्र प्रत्येक वाक्यात एक ‘गं’ पेरला तर निरोप नाटकी होतो. एका छोट्या निरोपात असे दोन-तीन शब्द पुरतात. एक सुरुवातीला, म्हणजे हाक लागते, आणि एक तिथे, जिथे मन दुखण्याची शक्यता असते.

‘सॉरी’चं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण भाषेवर प्रेम करणाऱ्या अनेकांना ती खटकते. मित्रांच्या बोलण्यात इंग्रजीतून आलेला शब्द कित्येकदा संस्कृत शब्दापेक्षा घरगुती असतो. ‘क्षमस्व’ दिलगिरीच्या जाहिरातीत दिसतो आणि ‘धन्यवाद’ भाषणाच्या शेवटी येतो. ‘सॉरी गं’ आणि ‘थँक्यू रे’ शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. याचा अर्थ मराठी शब्द टाळावेत असा नाही. पण मराठी माणसं जवळच्यांचे आभार शब्दांत फारसे मानतच नव्हती. ‘तू होतीस म्हणून झालं’, ‘बरं झालं आलास’ अशी वाक्यं तेच काम करतात. ‘थँक्यू’ नको असेल तर या वाक्यांकडे जावं. ‘धन्यवाद’कडे वळलं की अंतर पुन्हा वाढतं.

आता त्या निरोपातल्या माफ्या बघा. ‘क्षमस्व’, ‘माफ करावे’, ‘समजून घ्यावे’. सात वाक्यांच्या निरोपात तीनदा माफी आहे, आणि शेवटी धन्यवाद. अनोळखी माणसाकडे जास्त माफी मागावी लागते, कारण त्यानं आपल्याला समजून घ्यायचं काहीच कारण नसतं. मैत्रिणीकडे एक पुरते. तीन मागितल्या की ‘तू मला समजून घेशील याची मला खात्री नाही’ असा त्यातून अर्थ निघतो.

यानंतरची तपासणी शब्दांची नाही, मजकुराची आहे, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. ‘आईची तब्येत ठीक नसल्यामुळे’ एवढ्यात काहीच कळत नाही. ताप आहे, पडली आहे की दवाखान्यात दाखल केलं आहे? ज्या मैत्रिणीनं त्या आईच्या हातचं जेवण खाल्लं आहे, तिला हे कळायचा हक्क आहे. कचेरीत रजेचं कारण मोघम ठेवणं योग्य असतं. मैत्रिणीकडे मोघमपणा लपवाछपवीसारखा वाटतो. ‘पुढील भेटीची तारीख लवकरच कळवते’ हेही तसंच. त्यात तारीख नाही, आणि तारीख ठरवण्यात मैत्रिणीचा वाटाही नाही. म्हणून सैल केलेला निरोप पुष्कळदा आखूड होत नाही. शब्द कमी झाले तरी त्यात गोष्टी वाढतात.

आता तो निरोप पुन्हा लिहून पाहू.

‘अगं, शनिवारचं जमत नाहीये. आईला परवापासून ताप आहे, औषध घेतलं की उतरतो आणि रात्री परत चढतो. तिला एकटं ठेवून यायचा धीर होत नाही. सॉरी गं, तू सुट्टी पण टाकली असशील. पुढच्या शनिवारी येऊ? की तुला रविवार बरा पडेल?’

यात नमस्कार नाही, कारण अशा दोघींचं बोलणं कधी संपलेलंच नसतं, तर ते नव्यानं सुरू कशाला करायचं? ‘गैरसोय’ हा शब्द गेला आणि त्या जागी खरी गैरसोय आली, तिची वाया गेलेली सुट्टी. माफी एकदाच आहे, पण ती नेमक्या गोष्टीबद्दल आहे. शेवटी प्रश्न आहे, म्हणजे मैत्रिणीला उत्तर द्यायला जागा आहे. पहिल्या निरोपाला ती ‘ठीक आहे’ यापलीकडे काही लिहू शकली नसती.

सैल करताना हात दुसऱ्या टोकालाही जातो. समजा तिनं असं लिहिलं असतं: ‘यार शनिवार कॅन्सल, आई आजारी आहे. नेक्स्ट टाइम पक्का!’ आणि पुढे हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. हे औपचारिक नक्कीच नाही, पण आईचा ताप आणि सिनेमाचं तिकीट न मिळणं यांत त्याला फरक करता येत नाही. सैलपणा म्हणजे हलकेपणा नव्हे. मित्रांच्या नेहमीच्या थट्टेचा सूर वाईट बातमीला लावला तर तोही परकाच वाटतो. कदाचित जास्तच, कारण मैत्रिणीला वाटेल की ही खरं काय ते लपवते आहे. निरोप जितका गंभीर, तितकी वाक्यं साधी हवीत. साधी म्हणजे जड नव्हे, आणि उडवून लावणारीही नव्हे.

किती सैल करायचं हे ठरवायला बाहेरचा मापदंड नाही. पण एक सोपी सोय आपल्या हाताशी असते. त्याच व्यक्तीला याआधी पाठवलेले निरोप वर सरकवून वाचायचे. भांडणाच्या किंवा घाईच्या दिवसांतले सोडून साधे, रोजचे. तिथे तुम्ही ‘अगं’ म्हणता का ‘अरे’? मुलींच्या गटांत एकमेकींना ‘अरे’ म्हणायची सवय सर्रास आहे. तुम्ही देवनागरीत लिहिता की रोमन अक्षरांत मराठी? ज्या दोघांचं वर्षानुवर्षं रोमन अक्षरांत चालत आलं आहे, त्यांच्यात अचानक नीटनेटकी देवनागरी आली तर वाचणारा क्षणभर थबकतो. बोलीचंही तसंच. नागपूरकडच्या दोन मित्रांत ‘येऊन राहिलो’ चालत असेल, तर ‘येत आहे’ हे शुद्ध रूप त्यांच्यात नवखं ठरतं. कोल्हापूरकडच्या अनेक बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’ म्हणतात. तशी मैत्रीण ‘मी आले’ लिहायला लागली तर तिच्या मैत्रिणीला लगेच जाणवेल. प्रमाण मराठी ही सर्वांची सोय आहे, पण जवळच्या दोघांत ती कधीकधी इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी वाटते.

दुसरी तपासणी मोठ्यानं वाचण्याची. समोर ती व्यक्ती बसली आहे असं समजून निरोप पूर्ण म्हणायचा, पुटपुटायचा नाही. जिथे जीभ आपोआप शब्द बदलते, तिथे लेखनात बदल हवा. ‘येत्या शनिवारी’ म्हणताना तोंडून ‘या शनिवारी’ निघालं, तर तेच लिहायचं.

पूर्णविरामाबद्दल अलीकडे बरंच बोललं जातं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १२६ विद्यार्थ्यांना मोबाइलवरचे संवाद वाचायला दिले. निमंत्रणाला दिलेलं एका शब्दाचं उत्तर पूर्णविरामानं संपलं असेल, तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत असताना हा फरक दिसला नाही. प्रयोग इंग्रजीतला आणि छोटा आहे, त्यामुळे मराठीसाठी त्यातून नियम काढू नये. तरी मराठीतही एकट्या ‘ठीक आहे.’ला थंडपणा असतो हे आपण जाणतोच. लांब निरोपातल्या पूर्णविरामांची काळजी करू नये, वाक्यं तोडायला ते लागतातच. एका शब्दाच्या उत्तरापुढे मात्र तो टाळावा. त्याहून चांगलं म्हणजे ते उत्तर दोन शब्दांचं करावं: ‘हो ना’, ‘चालेल की’, ‘बरं, ठेवते’.

आपण जवळच्या माणसालाही औपचारिक का लिहितो? बहुतेक वेळा अवघड काही सांगायचं असतं म्हणून. नकार द्यायचा असतो, तक्रार करायची असते, पैसे मागायचे असतात. जीभ अडखळते, मग आपण तयार साच्यात शिरतो. पैशांचा निरोप हा त्यातला सर्वात कठीण. ‘मी दिलेली रक्कम लवकरात लवकर परत करावी ही विनंती’ असं मित्राला लिहिलं की त्याला नोटीस आल्यासारखं वाटतं. उलट ‘अरे ते पैशांचं बघ ना जरा’ इतकं सैल केलं, तर किती, कधीचे आणि केव्हापर्यंत हे तिन्ही निसटतं. मग पुन्हा मागावे लागतात, आणि दुसऱ्यांदा मागताना सूर आणखी कडक होतो. मधली वाट अशी: ‘अरे, जानेवारीत दिलेले ते पाच हजार या महिन्यात देऊ शकशील का? दहा तारखेला भाडं द्यायचंय, त्याला लागतील. अडचण असेल तर तसं सांग, मी दुसरीकडून बघतो.’ सूर सैल आहे, आकडा आणि तारीख मात्र पक्की आहे. सुटकेची वाटही ठेवली आहे, पण ती खरंच द्यायची तयारी असेल तरच लिहावी.

दुःखाच्या निरोपात साचा सर्वात लवकर हाताशी येतो. मित्राचे वडील गेले की बोटं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ लिहायला लागतात. ही वाक्यं सार्वजनिक फलकासाठी आहेत. ज्या घरी आपण ऊठबस केली, त्या घरी ती गेली की मित्र त्या शंभर सारख्या निरोपांत आपला निरोप ओळखूही शकत नाही. तिथे ‘बाबांचं आत्ता कळलं. निघालोय, रात्री पोचतो. फोन उचलायची घाई करू नकोस’ एवढं पुष्कळ आहे. जाणं शक्य नसेल तर बाबांची एक आठवण लिहावी, जी दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो जपायला हवा. काही घट्ट मैत्र्या मुळात ‘अहो-जाहो’च्या असतात. नोकरीत बरोबर काम केलेले, आता निवृत्त झालेले दोघे मित्र चाळीस वर्षांनंतरही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. त्यांच्यात कुणी एकानं अचानक ‘तू’ लिहिलं तर तो सैलपणा होणार नाही, घुसखोरी होईल. तिथे सर्वनामाला हात लावायचा नाही. बाकी सगळं सैल करता येतं. ‘आपणांस उद्या सवड असल्यास भेटण्याचा मानस आहे’ हे तिथेही जडच आहे. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘काय हो, उद्या संध्याकाळी मोकळे आहात का? बरेच दिवस बसलो नाही आपण. चहा आमच्याकडे, या की.’